लहान चणीचा पंतप्रधान

नेहरूंच्या राजबिंड्या व्यक्तिमत्त्वाची सतरा वर्षे सवय झालेल्या देशासमोर ९ जून १९६४ रोजी एक नवे पंतप्रधान उभे राहिले. उंची पाच फुटांच्या आसपास, अंगात साधे धोतर-कुडता, डोक्यावर गांधी टोपी आणि आवाज इतका मृदू, की ऐकणाऱ्याने कान द्यावा. लालबहादूर शास्त्रींना पाहून हा माणूस पंतप्रधान असेल असे परक्याला वाटले नसते. ओळखीच्यांनाही तो अवघड खुर्चीत फार दिवस टिकेल असे वाटत नव्हते.

खरे तर या साधेपणाचाच त्यांना निवडीच्या वेळी उपयोग झाला. मोरारजी देसाई करारी आणि हट्टी म्हणून प्रसिद्ध होते. काँग्रेसचे अध्यक्ष कामराज यांनी खासदारांचा आणि मुख्यमंत्र्यांचा कानोसा घेतला, तेव्हा कौल शास्त्रींकडे झुकला. हा सौम्य माणूस आपल्या कलाने चालेल, असा अनेक बड्या पुढाऱ्यांचा होरा होता. शास्त्रींनी तो खोडून काढण्याची घाई केली नाही. त्यांनी ल. का. झा यांच्या हाताखाली पंतप्रधानांचे स्वतंत्र सचिवालय उभे केले आणि पोलाद खाते सांभाळणाऱ्या सी. सुब्रमण्यम यांच्याकडे अन्न व शेती खाते सोपवले. गाजावाजा न झाल्याने कोणी फारसे अडवायलाही आले नाही.

दिसण्यावरून केलेला मोठा हिशेब मात्र सीमेपलीकडे चुकला. ऑक्टोबर १९६४ मध्ये कैरोच्या अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेहून परतताना शास्त्री कराचीला थांबले आणि अध्यक्ष अयुब खान यांना भेटले. एक धिप्पाड, सहा फुटी फील्ड मार्शल आणि दुसरा त्याच्या खांद्याशी येणारा, विनयाने बोलणारा पाहुणा! या माणसात दम नाही, असा अयुब यांचा ग्रह झाला. एप्रिल १९६५ मध्ये कच्छच्या रणात चकमकी झाल्या आणि शास्त्रींनी ब्रिटनच्या मध्यस्थीने ३० जूनला तडजोड मान्य केली, तेव्हा तो ग्रह पक्का झाला. कच्छचा दलदलीचा प्रदेश लढायला आपल्या सोयीचा नाही आणि वेळ आली तर जागा आपण निवडू, असे शास्त्री लोकसभेत सूचित करून गेले होते. पण त्या हळू आवाजातल्या वाक्याकडे रावळपिंडीत कोणी गांभीर्याने पाहिले नाही.

ऑगस्टमध्ये काश्मिरात हजारो घुसखोर पाठवले गेले. १ सप्टेंबरला पाकिस्तानी रणगाडे छांब भागातून अखनूरच्या दिशेने निघाले. चिनाब नदीवरचा अखनूरचा पूल पडला असता, तर पूंछ-राजौरीकडे जाणारी आपल्या सैन्याची रसद तुटली असती. पाकिस्तानचा सगळा बेत एका गृहीतावर उभा होता. लढाई काश्मीरपुरतीच राहील, आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडण्याचे धाडस भारत करणार नाही, हे ते गृहीत. शास्त्री आणि संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी १ तारखेच्या संध्याकाळीच हवाई दल मैदानात उतरवले. पुढच्या दिवसांत पंजाबच्या आघाडीवर चाल करण्याचा निर्णय पक्का झाला आणि ६ सप्टेंबरच्या पहाटे भारतीय फौजा लाहोरच्या रोखाने सीमा पार करून गेल्या. पाकिस्तानला हा घाव अनपेक्षित होता. लाहोर वाचवण्यासाठी अखनूरवरचा दाब कमी करणे त्यांना भाग पडले आणि पूल वाचला.

अर्थात या लाभाला दोन बाजू होत्या. शास्त्रींना दुबळे समजले गेले नसते, तर कदाचित घुसखोरीचा डावच टाकला गेला नसता. ज्या गैरसमजाने पाकिस्तानला गाफील ठेवले, त्यानेच युद्धही ओढवून आणले आणि त्याची किंमत हजारो जवानांच्या घरांनी मोजली. शिवाय असा गैरसमज एकदाच कामी येतो. २३ सप्टेंबरला शस्त्रसंधी झाली, तोवर शास्त्रींच्या उंचीवरून कोणी अंदाज बांधायचे थांबले होते.

जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला वाटाघाटींना बसले, तेव्हा अयुब यांच्यासमोरचा माणूस कराचीत भेटला होता तसाच दिसत होता. यावेळी मात्र त्याच्या प्रत्येक शब्दाला वजन होते. हाजीपीर खिंड परत देण्याचा कटू निर्णयही त्याने घेतला आणि १० तारखेला करारावर सही केली. त्यानंतर काही तासांतच, ११ जानेवारीच्या पहाटेपूर्वी, हृदयविकाराने शास्त्रींचे निधन झाले. पार्थिव विमानात चढवताना शवपेटीला खांदा देणाऱ्यांत अयुब खान होते.