भास्कराचार्यांची वानरे

शाळेत असताना एका वर्गसमीकरणाची दोन्ही उत्तरे मी बिनधास्त लिहून आलो आणि गुण गमावले. मुळशीला आमच्या घरात पाटीच्या पुढे कोणी शिकलेले नाही, तेव्हा विचारणार कोणाला? उलगडा झाला तो यंदा, कॉलेजच्या ग्रंथालयात भास्कराचार्यांविषयी वाचताना.

त्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ. स. १११४ चा. सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जडविड हे त्यांचे गाव. वडील महेश्वर हेच गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० साली, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पुरा केला. लीलावती आणि बीजगणित हे त्याचेच भाग. (कन्या लीलावतीच्या विवाहाची कथा मात्र पुष्कळ नंतरच्या फारसी भाषांतरातून आली आहे.)

बीजगणितात वानरांचे एक उदाहरण आहे. कळपाच्या पंचमांशातून तीन वजा करून उरलेल्याचा वर्ग केला, तितकी वानरे गुहेत गेली. बाहेर एकच दिसले. तर कळप केवढा? मी वहीत मांडले:

(क्ष/५ − ३)² + १ = क्ष

पंचविसाने गुणून आवरले की क्ष² − ५५क्ष + २५० = ० मिळते. विवेचक ३०२५ − १००० = २०२५, म्हणजे ४५ चा वर्ग. विवेचक पूर्ण वर्ग आला, तेव्हा अवयव सरळ पडतात: (क्ष − ५०)(क्ष − ५). मुळे ५० आणि ५.

आता ताळा. पन्नासाचा पंचमांश १०, वजा ३ म्हणजे ७, वर्ग ४९, बाहेरचे एक धरून ५०. जुळले. पाचाचा पंचमांश १, वजा ३ म्हणजे उणे २, वर्ग ४, अधिक १, झाले ५. हेही जुळले! मी इथेच फसलो होतो. वर्ग करताना उणे चिन्ह गडप होते, म्हणून समीकरण तक्रार करीत नाही. पण एका वानरातून तीन वानरे वजा कशी करणार? ताळा समीकरणात नव्हे, मूळ गोष्टीत पाहायचा. आचार्यांनी ५ हे उत्तर याच कारणाने नाकारले. ऋण संख्येवर लोकांचा विश्वास बसत नाही, असे त्यांचे म्हणणे.

पण दुसरे उत्तर नेहमीच टाकायचे असेही नाही. त्यांच्याच दुसऱ्या उदाहरणात कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग रानात खेळतो आणि १२ वानरे टेकडीवर असतात. तिथे मुळे ४८ आणि १६. अष्टमांश ६ आणि २, वर्ग ३६ आणि ४. बारा मिळवा, दोन्ही कळप पुरे होतात. म्हणून आचार्य दोन्ही उत्तरे ठेवतात.

वयाच्या ६९ व्या वर्षी, ११८३ मध्ये, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिले. त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. त्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण्याला आहे.

माझी जुनी वही अजून माळ्यावर आहे. परवा काढून दुसऱ्या उत्तरावर रेघ मारली.