रिकाम्या कोठाराचा हिशेब : युस्टुस फॉन लीबिग

शिरूर तालुक्यातील केंदूर हे पर्जन्यछायेच्या पट्ट्यातील गाव. या परिसरात पाण्याची सोय होईल तिथे कांद्याचे वाफे दिसतात. कांद्याला कोणते खत किती द्यावे, हे माती परीक्षणाच्या अहवालावरून ठरवले जाते. त्या अहवालामागे एक साधा नियम आहे. पिकाला लागणाऱ्या अन्नद्रव्यांपैकी जे गरजेच्या मानाने सर्वांत कमी असेल, तेच उत्पादनाची मर्यादा ठरवते. बाकीची कितीही मुबलक असली तरी ही मर्यादा हटत नाही. 'न्यूनतमाचा नियम' या नावाने ओळखला जाणारा हा सिद्धान्त जगभर जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांच्या नावावर आहे. विशेष म्हणजे तो प्रथम त्यांनी मांडलेला नव्हता आणि त्याच्या कसोटीवर पहिला मोठा फटका बसला तोही त्यांनाच.

लीबिग यांचा जन्म १२ मे १८०३ रोजी डार्मश्टाट येथे झाला. वडील रंग आणि रसायनांचे व्यापारी. घरातील कार्यशाळेतच मुलाला प्रयोगांची गोडी लागली. शालेय अभ्यासात मात्र त्याने फारशी चमक दाखवली नाही. लीबिग तेरा वर्षांचे असताना, म्हणजे १८१६ साली, युरोपात उन्हाळा जवळपास आलाच नाही. आदल्या वर्षी इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला होता. त्याच्या परिणामी पिके बुडाली आणि जर्मनीच्या अनेक भागांत अन्नटंचाई झाली. पुढे शेतीच्या रसायनशास्त्राकडे वळलेल्या या माणसाचे बालपण अशा काळात गेले.

बॉन आणि एर्लांगेन येथील शिक्षणानंतर १८२२ मध्ये ते पॅरिसला गेले. तिथे गे-ल्युसाक यांच्या प्रयोगशाळेत त्यांना काटेकोर विश्लेषणाची शिस्त लाभली. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांच्या शिफारशीमुळे १८२४ साली, अवघ्या एकविसाव्या वर्षी, गीसेन विद्यापीठात त्यांची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. विद्यार्थ्यांनी स्वतः हाताने प्रयोग करत रसायनशास्त्र शिकावे, ही पद्धत गीसेनच्या प्रयोगशाळेने रूढ केली. सेंद्रिय पदार्थातील कार्बन अचूक मोजण्यासाठी १८३१ मध्ये त्यांनी काचेच्या पाच गोळ्यांचे एक उपकरण तयार केले. त्यामुळे पूर्वी फार वेळ घेणारे विश्लेषण सुकर झाले.

१८४० मध्ये लीबिग यांचा शेती आणि वनस्पती यांच्या रसायनशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या काळी वनस्पती जमिनीतील कुजलेला सेंद्रिय पदार्थ, म्हणजे ह्यूमस, खाऊन वाढते, असा समज प्रबळ होता. लीबिग यांनी तो खोडून काढला. वनस्पतीला कार्बन हवेतून मिळतो आणि जमिनीतून ती खनिज द्रव्ये घेते, हे त्यांनी ठामपणे मांडले. पीक कापून बाजारात नेले की ही द्रव्येही शेताबाहेर जातात, म्हणून ती जमिनीला परत दिली पाहिजेत, असा त्यांचा हिशेब होता. यातील बराचसा विचार त्यांच्याआधी कार्ल स्प्रेंगेल यांनी मांडला होता. गरजेपुरते न मिळणारे एखादे द्रव्यही वाढ रोखते, हे स्प्रेंगेल यांनी १८२८ च्या सुमारासच लिहून ठेवले होते. लीबिग यांनी १८५५ साली हा नियम स्पष्ट शब्दांत मांडला आणि त्यांच्या कीर्तीमुळे तो त्यांच्याच नावाने रुजला.

नियम समजावण्यासाठी पुढे इतरांनी लाकडी पिंपाचे चित्र वापरले. पिंपाची प्रत्येक फळी म्हणजे एक अन्नद्रव्य. फळ्या कमी-अधिक उंचीच्या असतील तर पाणी सर्वांत आखूड फळीपर्यंतच भरते. उंच फळ्या आणखी वाढवून उपयोग होत नाही. आखूड फळीला जोड दिली की पाणी चढते, पण तेही त्यानंतरच्या आखूड फळीपर्यंतच.

लीबिग यांनी आपला विचार बाजारातही उतरवला. १८४५ साली त्यांच्या खताचे पेटंट घेण्यात आले आणि इंग्लंडमध्ये लिव्हरपूल येथील उद्योजक जेम्स मस्प्रॅट यांच्या साहाय्याने त्याचे उत्पादन सुरू झाले. हे खत शेतात सपशेल अपयशी ठरले. त्याची दोन कारणे होती. पावसाने पालाश वाहून जाईल या भीतीने लीबिग यांनी ते इतर क्षारांबरोबर वितळवून जवळजवळ अविद्राव्य केले होते. द्रव्य खतात होते, पण मुळांना ते घेता येत नव्हते. ही भीतीही अनाठायी होती. मातीचे कण पालाश आणि अमोनिया धरून ठेवतात, हे टॉमस वे यांनी १८५० मध्ये दाखवून दिले.

दुसरे कारण अधिक मोलाचे होते. हवेतील अमोनिया पावसाबरोबर जमिनीत उतरतो आणि पिकाची नत्राची गरज त्यातून भागते, असे लीबिग मानत होते. म्हणून त्यांच्या खतात नत्रावर भर नव्हता. इंग्लंडमधील रोथमस्टेड येथे जॉन बेनेट लॉज आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांनी १८४३ पासून गव्हाचे प्रयोग चालवले होते. तिथे फक्त खनिज खते दिलेल्या पट्ट्यातील उत्पादन खत न दिलेल्या पट्ट्यापेक्षा जेमतेम अधिक भरत असे. त्याच खनिजांना अमोनियाच्या क्षारांची जोड दिली की ते ठळकपणे वाढे. त्या शेतातील आखूड फळी नत्राची होती. लीबिग यांनी नेमकी तीच सोडून बाकीच्या उंचावल्या होत्या. हा वाद अनेक वर्षे कडवटपणे चालला. अन्नद्रव्ये अविद्राव्य करण्याची आपली चूक त्यांनी पुढे १८६२ च्या आवृत्तीत मान्य केली.

लीबिग यांच्या पद्धतीत आणखी एक उणीव होती. वनस्पती जाळून राखेत काय सापडते, यावरून तिला काय हवे याचा अंदाज ते बांधत. पण मुळे पाण्याबरोबर गरज नसलेली द्रव्येही शोषतात. भाताच्या राखेत सिलिका विपुल असते, तरी सर्व वनस्पतींसाठी ती अनिवार्य मानली जात नाही. 'आढळते' आणि 'आवश्यक आहे' यांतील फरक राख सांगू शकत नाही. तो शोधण्याची वाट १८६० च्या सुमारास युलिउस झाक्स आणि विल्हेल्म क्नॉप यांनी दाखवली. त्यांनी मातीविना, ठरावीक क्षार विरघळवलेल्या पाण्यात रोपे वाढवली. एखादे द्रव्य वगळून रोपाचे काय होते, हे त्यामुळे पाहता आले.

या प्रयोगांतही क्षारांमधील सूक्ष्म अशुद्धी दिशाभूल करीत. तांबे किंवा मॉलिब्डेनम अत्यल्प लागते. ते अशुद्धीतूनच मिळून जाई आणि त्याची गरज नाही असा भास होई. शुद्धीकरणाच्या पद्धती सुधारल्यावर, १९३९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील डॅनियल अर्नॉन आणि पेरी स्टाउट यांनी आवश्यकतेच्या तीन कसोट्या निश्चित केल्या.

पहिली कसोटी अशी, की ते मूलद्रव्य नसेल तर वनस्पती वाढीचा किंवा बीजनिर्मितीचा टप्पा पूर्ण करू शकत नाही. दुसरी म्हणजे त्याची उणीव तेच मूलद्रव्य देऊन भरून निघते, दुसरे कोणतेही नाही. सोडियम काही पिकांत पालाशचे थोडेफार काम करते, पण पालाशची जागा पूर्णपणे घेत नाही. तिसरी कसोटी सांगते, की मूलद्रव्याचा वनस्पतीच्या पोषणात थेट सहभाग हवा. मातीतील रासायनिक किंवा जिवाणूंची प्रतिकूल स्थिती सुधारून झालेला फायदा इथे धरला जात नाही. आज साधारणपणे सतरा मूलद्रव्ये आवश्यक मानली जातात. त्यांतील कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन हवा व पाण्यातून मिळतात, तर उरलेली चौदा प्रामुख्याने जमिनीतून. यादीत सर्वांत उशिरा, १९८७ च्या सुमारास, निकेलची भर पडली.

नियम आणि कसोट्या एकत्र कशा वापरायच्या, हे केंदूर परिसरातील कांद्याच्या उदाहरणातून कळते. कांद्याला नत्र, स्फुरद आणि पालाश यांच्या जोडीला गंधकही चांगला लागतो. त्याचा उग्र वास गंधकयुक्त संयुगांतूनच येतो. हेक्टरी पन्नास किलो स्फुरद द्यायचे आहे, असे समजू. सोळा टक्के स्फुरद असलेले सिंगल सुपर फॉस्फेट वापरले तर सुमारे तीनशे बारा किलो, म्हणजे सहा गोण्यांहून थोडे अधिक लागते. त्याच्यासोबत सुमारे चौतीस किलो गंधक आपोआप जमिनीत जातो. तेवढेच स्फुरद डीएपीमधून द्यायचे तर सुमारे एकशे नऊ किलो, म्हणजे दोन गोण्यांहून जरासे अधिक पुरते. वाहतूक आणि मजुरी वाचते, पण डीएपीतून गंधक जवळजवळ मिळत नाही. दुसऱ्या मार्गाने तो दिला नाही तर वर्षांगणिक ही फळी आखूड होत जाते. मग युरिया वाढवूनही कांदा पोसत नाही.

यातही लीबिग यांचा धागा आहे. हाडांवर गंधकाम्लाची प्रक्रिया करावी, ही सूचना त्यांच्या १८४० च्या ग्रंथात होती. लॉज यांनी १८४२ मध्ये अशा खताचे पेटंट घेतले. सुपर फॉस्फेटमधील गंधक येतो तो या आम्लातूनच.

उणीव कोणती, याची पहिली खूण पानांवर दिसते. नत्र जुन्या पानांतून नव्या पानांकडे सहज हलतो, म्हणून त्याच्या टंचाईत आधी जुनी पाने पिवळी पडतात. गंधक तेवढा सहज हलत नाही, त्यामुळे कोवळी पाने फिकट होतात. पिवळेपणाला रोग, कीड किंवा पाण्याचा ताणही कारण असू शकतो, म्हणून खात्री वाफ्यांवरच करावी लागते. एकसारखे दोन वाफे घेऊन नत्र, स्फुरद, पालाश आणि पाणी समान ठेवावे. फक्त एकाला जिप्सम द्यावे आणि काढणीला दोन्हींचे वजन करावे. चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियम आधीच पुरेसे असते, त्यामुळे फरक पडला तर तो गंधकाचा मानता येतो. इथे जिप्समऐवजी गंधकाची भुकटी वापरली तर निष्कर्ष धूसर होतो. भुकटीचे मातीत आम्ल बनते आणि चुनखडीत अडकलेले लोह किंवा जस्त मोकळे होऊ शकते. मग पीक गंधकामुळे सुधारले की लोहामुळे, हे सांगता येत नाही. अर्नॉन आणि स्टाउट यांची तिसरी कसोटी याच फसगतीपासून सावध करते.

अडकलेल्या लोहाची ही गोष्ट नियमाचा नेमका अर्थही सांगते. दख्खनच्या बेसाल्टपासून बनलेल्या मातीत लोहाला तोटा नाही. तरीही चुनखडीच्या जमिनीत कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. फळीची उंची जमिनीतील एकूण साठ्याने ठरत नाही, मुळांना घेता येईल अशा स्वरूपातील साठ्याने ठरते. पेटंट खतातील पालाशाचेही असेच झाले होते.

नियमाला मर्यादाही आहेत. पिंपाच्या फळ्या एकमेकींपासून सुट्या असतात, जमिनीतील द्रव्ये तशी नसतात. स्फुरद भरमसाट दिले तर जस्ताची उणीव तीव्र होऊ शकते. शिवाय आखूड फळी नेहमी अन्नद्रव्याचीच असते असे नाही. केंदूरसारख्या गावात पाऊस हुकला तर ती पाण्याची असते आणि खताची कोणतीही गोणी ती उंचावू शकत नाही.

लीबिग १८५२ मध्ये गीसेन सोडून म्युनिकला गेले आणि १८ एप्रिल १८७३ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. त्यांचे खत केव्हाच बाजारातून गेले होते. रोथमस्टेडमधील गव्हाचे पट्टे मात्र आजही पेरले जातात आणि खनिजे मिळून नत्र न मिळालेल्या पट्ट्याचे उत्पादन आजही वेगळे मोजले जाते.