अँटनी फिरंगी : कविगानाच्या आखाड्यातील एक परकीय

आपल्याकडे कलगी आणि तुरा या दोन पक्षांचे शाहीर रात्र-रात्र सवाल-जवाब करीत. एकाने शक्तीचा पक्ष घ्यायचा, दुसऱ्याने शिवाचा, आणि प्रतिपक्षाला भर सभेत निरुत्तर करावयाचे, ही रीत महाराष्ट्राबाहेर आलेल्या आपल्या मंडळींनाही ऐकून ठाऊक असते. साधारण त्याच सुमारास, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्याच्या पूर्वार्धात, वंगभूमीतही अशीच एक गीतझुंज रंगत होती. तिचे नाव कविगान, आणि ती खेळणारे ते कविवाले. या कविवाल्यांत एक गोरा ख्रिस्ती गृहस्थ होऊन गेला. त्याचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत, कारण विनोदबुद्धी आणि शिवीगाळ यांच्यातील सीमारेषा त्याच्या चरित्रात फार स्पष्ट दिसते.

त्याचे मूळ नाव हेन्समन अँटनी. घराणे पोर्तुगीज वंशाचे, व्यापारानिमित्त बंगालात स्थायिक झालेले. फरासडांगा, म्हणजे फ्रेंचांचे चंदननगर, या परिसरात तो राहिला. तेथे एका ब्राह्मण विधवेशी त्याचा स्नेह जडला आणि दोघांनी संसार थाटला. हळूहळू त्याने टोपी आणि कुडती सोडून धोतर-चादर धारण केली. घरी सण-उत्सव होऊ लागले आणि उत्सवात कविगान होऊ लागले. ऐकता ऐकता त्याला त्या गाण्याचे वेड लागले व त्याने स्वतःचा फड उभा केला. लोक त्याला ‘अँटनी फिरंगी’ म्हणू लागले.

कविगानाचा क्रम ठरलेला असे. आरंभी देवीची गीते, मग राधेच्या सख्यांचे संवाद, त्यानंतर विरहगीते, आणि रात्र उतरणीला लागली की ‘खेउड’. खेउड म्हणजे उघड उघड निंदा. प्रतिस्पर्ध्याची जात, धंदा, घरची माणसे, काहीच वर्ज्य नसे. ढोल आणि काशाच्या तालावर एक फड प्रश्न टाकी. त्याला ‘चापान’ म्हणत. दुसऱ्या फडाने त्याचे ‘उतोर’, म्हणजे उत्तर, त्याच बैठकीत द्यायचे. पूर्वी दोन्ही फड प्रश्न अगोदर एकमेकांस कळवून गीते बांधून आणीत. सभेतच उत्तर रचून गाण्याची प्रथा राम बसू (१७८६–१८२८) या कवीने रूढ केली असे मानतात. त्यामुळे केवळ गळा असून भागेना. फडात पदे रचून देणारा ‘बांधनदार’ बसलेला असे आणि प्रतिपक्षाचे गाणे चालू असतानाच तो उत्तर जुळवी.

अँटनीच्या फडात आरंभी हे काम गोरक्षनाथ नावाचा कवी करी. पुढे मोबदल्यावरून दोघांचे बिनसले आणि गोरक्षनाथ निघून गेला, असे सांगतात. तेव्हापासून अँटनी स्वतःच पदे रचू लागला. जी भाषा मातृभाषा नव्हे, त्या भाषेत, हजारो कान टवकारलेले असताना, क्षणार्धात उत्तर द्यावयाचे! या कसोटीचे तीन प्रसंग बंगाली परंपरेने जपून ठेवले आहेत.

पहिला प्रसंग ठाकुर सिंहाशी झालेल्या झुंजीचा. साहेब असून अंगात कुडती नाही, डोक्यावर टोपी नाही, हे काय सोंग, असा त्याने भर सभेत टोला मारला. अँटनीने आरोप नाकारला नाही. बंगालात बंगाली वेषाने आपण सुखात आहोत हे त्याने कबूल केले, आणि वेष टाकण्याचे कारण सांगितले ते असे की, आपण ठाकुर सिंहाच्या वडिलांचे जावई झालो आहोत. यातील मर्म पाहण्याजोगे आहे. जावई म्हटल्यावर सिंह झाला मेहुणा, आणि बंगालीत मेहुण्याला म्हणतात ‘शाला’, जी जनसामान्यांची रोजची शिवी. अँटनीने ती शिवी उच्चारलीच नाही. श्रोत्यांनी ती मनातल्या मनात पुरी केली. शिवाय बंगाली स्त्रीशी संसार केल्याची जी गोष्ट त्याचे वर्म समजली जात होती, तीच त्याने शस्त्र म्हणून वापरली.

दुसरा प्रसंग राम बसूचा. कृष्णाच्या पायी डोके ठेवून काय उपयोग, पाद्रीसाहेबांना कळले तर तोंडाला चुना-काळे फासतील, असा बसूचा आशय होता. अँटनीचे उत्तर असे की, ख्रिस्त आणि कृष्ण यांत काही अंतर नाही, नावाच्या फेराने माणसे वेगळी होतात हे आपण कधी ऐकले नाही. बंगाली उच्चारात ही दोन नावे अगदी जवळ येतात. त्या नादसाम्यावर त्याने आपली सारी बाजू उभी केली. येथे प्रतिपक्षाला एकही अपशब्द नाही, तरी बसूचा टोला रिकामा गेला.

तिसऱ्या प्रसंगी मात्र त्याची गाठ भोला मयराशी पडली. मयरा म्हणजे मिठाईवाला. भोलाचे बागबाजारात दुकान होते आणि हरू ठाकुर या जुन्या कविवाल्याचा तो शिष्य. अँटनीने देवीची करुणा भाकली: मी फिरंगी, भजन-साधन जाणत नाही, मला तार. कविगानाच्या संकेतानुसार एकाने भक्ताची भूमिका घेतली की दुसऱ्याने देवाची घ्यावयाची. भोलाने देवीच्या मुखाने सांगितले की, तुला तारणे मला जमायचे नाही. श्रीरामपूरच्या गिरिजाघरात जाऊन येशूला भज. श्रीरामपूर हे तेव्हा मिशनऱ्यांचे ठाणे, हे प्रत्येक श्रोत्याला माहीत होते. अँटनीची विनवणी त्याच्याच नियमाने त्याच्यावर उलटली. स्वतः भोलाही असाच सुटत असे. नावावरून कोणी त्याला भोलानाथ शंकर ठरवून डिवचले, तेव्हा तो म्हणाला की, आपण तो भोलानाथ असतो तर बेलपत्रे वाहून आपली पूजा कोणी का केली नाही? आपण हरूचा चेला, मिठाईवाला भोला.

या सर्व उत्तरांत एक गोष्ट समान आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी मान्य करावयाचे आणि मग त्याला असे वळण द्यावयाचे की ते बोलणाऱ्याच्याच अंगावर यावे. जो आरोप नाकारीत बसला तो हरला, कारण श्रोत्यांना सत्य ठाऊकच असे. नुसती घाण शिवी तर कोणीही देऊ शके. तिच्यावर हशा होई, पण तिला उत्तर म्हणून पुन्हा तशीच शिवी येई आणि झुंज तेथेच घोटाळे.

काळानेही हाच निवाडा केला. ही गीते कोणी लिहून ठेवीत नसे. ईश्वरचंद्र गुप्त या संपादकाने १८५० नंतरच्या काही वर्षांत म्हाताऱ्या गायकांकडून आणि रसिकांकडून ऐकून कविवाल्यांची पदे व चरित्रे ‘संवाद प्रभाकर’ पत्रात छापली. तोवर अँटनीला जाऊन बराच काळ लोटला होता. तो १८३६ साली वारला. स्मरणावर जगलेल्या साहित्याचे जे होते तेच येथेही झाले. बीभत्स खेउडाचा फार मोठा भाग नाहीसा झाला, आणि वर सांगितलेल्यांसारखी उत्तरे लोकांच्या जिभेवर राहिली. अर्थात उत्तम तेवढेच उरल्यामुळे त्या रात्री होत्या त्याहून आज आपणांस अधिक सभ्य वाटतात, हेही ध्यानी ठेवले पाहिजे.

१९६७ साली उत्तमकुमारने अँटनीची भूमिका केली आणि त्याचे नाव पुन्हा घरोघरी गेले. कोलकात्याच्या बहूबाजारातील ‘फिरंगी कालीबाडी’ आपल्यापैकी अनेकांनी जाता-येता पाहिली असेल. लोकपरंपरा त्या देवळाचा संबंध याच अँटनीशी जोडते. परप्रांतात येऊन तेथली भाषा शिकणारे अनेक असतात. त्या भाषेत आपल्यावर केलेली थट्टा समजून घेऊन तिला त्याच भाषेत, त्याच तालावर उत्तर देणारा विरळा. अँटनीने ते साधले, आणि म्हणूनच ‘फिरंगी’ हे हिणवण्याचे विशेषण बंगाली माणसाने त्याच्या बाबतीत प्रेमाचे नाव करून टाकले.