लिओनार्ड ऑयलर आणि त्यांची स्थिर संख्या

लिओनार्ड ऑयलर यांचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझल नगरीत झाला. वडील धर्मोपदेशक होते व पुत्रानेही तोच मार्ग धरावा अशी त्यांची इच्छा होती. परंतु योहान बेर्नूली यांनी या मुलाची गणितातील बुद्धी ओळखली आणि वडिलांचे मन वळविले. वयाच्या विसाव्या वर्षी, १७२७ साली, ऑयलर रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथील अकादमीत दाखल झाले.

तेथे १७३४ साली त्यांनी एका बेरजेचा विचार मांडला. १ + १/२ + १/३ + … या बेरजेतील पदे लहान लहान होत जातात, तथापि बेरीज कोणतीही मर्यादा ओलांडून जाते. n पदांची बेरीज n च्या नैसर्गिक लॉगरिथमच्या, म्हणजे log n च्या, बरोबरीने वाढते. मग या दोहोंतील अंतर अखेर स्थिरावते काय?

ऑयलर यांनी मालिकांच्या साहाय्याने उत्तर काढले. आपणांस ते क्षेत्रफळांवरून सहज पाहता येईल. y = १/x हा वक्र उजवीकडे उतरत जातो, आणि त्याच्याखालील १ पासून n पर्यंतचे क्षेत्रफळ म्हणजेच log n. आता k पासून k + १ पर्यंतची एक पट्टी घ्या. वक्र उतरता असल्यामुळे तिचे क्षेत्रफळ १/k उंचीच्या आयताहून कमी व १/(k + १) उंचीच्या आयताहून अधिक असते.

मोठे आयत मिळविले तर १ + १/२ + … + १/(n − १) ही बेरीज log n पेक्षा कमी भरत नाही. म्हणून n पदांची बेरीज log n पेक्षा निदान १/n ने अधिक असते, आणि अंतर शून्याखाली कधीच जात नाही. आता n वरून n + १ वर या. बेरजेत १/(n + १) ची भर पडते. लॉगरिथममध्ये पट्टीच्या क्षेत्रफळाची, म्हणजे त्याहून अधिक भर पडते. अर्थात अंतर घटते. सतत घटणारी, पण शून्याखाली न जाणारी राशी एका निश्चित संख्येजवळ पोहोचलीच पाहिजे. नुसते घटणे पुरत नाही. खालचा आधारही हवा.

n = १ असता अंतर १ आहे; n = १० असता २.९२९ − २.३०३ = ०.६२६; n = १०० असता ०.५८२. ही गती फार मंद आहे. ऑयलर यांनी युक्तीने ०.५७७२१८ हे मूल्य काढले; त्यातील पहिली पाच स्थळे बरोबर होती. १७९० साली इटलीच्या मास्केरोनी यांनी बत्तीस स्थळे दिली, पण विसाव्या स्थळापासून ती चुकली. १८०९ साली सोल्डनर यांचे उत्तर त्यांच्याशी जुळेना, तेव्हा ही चूक उघडकीस आली.

ऑयलर यांचा उजवा डोळा तारुण्यातच अधू झाला. १७६६ साली बर्लिनहून पीटर्सबर्गला परतल्यावर दुसराही गेला. तरी मनात गणित करून ते लेखकांकडून लिहवून घेत राहिले. १८ सप्टेंबर १७८३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची ती संख्या अपूर्णांकाच्या रूपाने मांडता येते की नाही, हे आजही कोणी सिद्ध करू शकलेले नाही.