दासगणूंचे कीर्तन आणि त्याचा सांधा

कार्तिकीच्या निमित्ताने पंढरीत ज्यांचे स्मरण अगत्याने होते, त्यांत संतकवी दासगणू महाराज आहेत. मूळ नाव गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे. जन्म १८६८ साली, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोळनेर गावी. पोटासाठी पोलिसात शिपाईगिरी केली आणि छंद म्हणून तमाशाला लावण्या रचून दिल्या. पुढे शिरडीस साईबाबांच्या पायाशी आले, नोकरी सुटली, वामनशास्त्री इस्लामपूरकरांचा अनुग्रह लाभला आणि संतचरित्रे गाणे हेच जीवितकार्य झाले. १९६२ साली पंढरपुरातच त्यांनी देह ठेवला. चरित्रग्रंथांतून हे सारे सापडते. आम्हांस आज सांगावयाचे आहे ते त्यांच्या कीर्तनाविषयी.

त्यांची परंपरा नारदीय. या पद्धतीत कीर्तनाचे दोन भाग असतात. नमन आणि नामगजर झाल्यावर बुवा एक अभंग किंवा पद घेतात, त्यास मूळपद म्हणतात. त्याचे शास्त्राधारे विवरण करावयाचे, हा पूर्वरंग. मग मधला गजर होतो. त्या वेळी बुवांस बुक्का लावून हार घालतात. त्यानंतर उत्तररंगात आख्यान लागते आणि ते ओवी, आर्या, साकी, दिंडी, कटाव अशा वृत्तांतून पुढे सरकते. वारकरी कीर्तनात असे स्वतंत्र आख्यान नसते. तेथे अभंगाचेच चरण उलगडत जातात आणि टाळकरी मागून साथ देतात.

नारदीय कीर्तनाची खरी परीक्षा दोन रंगांच्या सांध्यात असते. पूर्वरंगात जो सिद्धांत मांडला, त्याचाच दृष्टांत आख्यानात उभा राहिला पाहिजे. समजा, मूळपदाचा आशय असा की, देव वस्तूचे मोल पाहत नाही, भाव पाहतो. पूर्वरंगात गीतेच्या नवव्या अध्यायातील पत्रपुष्पफलतोयाचा श्लोक घ्यावा, त्याची फोड करावी आणि अर्ध्या-पाऊण तासात आटोपते घ्यावे. उत्तररंगात सुदामदेवांचे आख्यान लावावे. द्वारकेचे वैभव, सुदाम्याचा संकोच, काखेत दडवलेली पोह्यांची पुरचुंडी, हे सारे सावकाश रंगवावे. भगवंतांचा हात त्या पुरचुंडीकडे गेला की कथा तेथेच थांबवावी आणि मूळपदाचे ध्रुवपद पुन्हा उचलावे. सांधा जुळला असेल तर श्रोते न सांगता ते पद धरतात. जुळला नसेल तर एकटे पेटीवाले आणि तबलजीच वाजवीत राहतात. याहून स्पष्ट खूण दुसरी नाही.

पंडित बुवांचे पूर्वरंगात फसते. वचनांमागून वचने येत राहतात, आणि मंडपातील माणसे मधल्या गजराच्या आधीच जोडे शोधू लागतात. गोड गळ्याच्या बुवांचे उत्तररंगात बिघडते. नकला होतात, हशा पिकतो, पण मूळपद कोणते होते हे घरी जाताना कोणास आठवत नाही. दासगणूंजवळ लावणीचा कान होता, त्यामुळे पद लोकांच्या ओठी कसे बसते हे त्यांस ठाऊक होते. बहुतेक आख्यानेही त्यांची स्वतःचीच रचना.

पोशाखाची गोष्ट हेमाडपंतांनी श्रीसाईसच्चरिताच्या पंधराव्या अध्यायात दिली आहे. दासगणू एकदा अंगरखा, उपरणे, फेटा असा थाट करून कीर्तनास निघाले. बाबांनी नवरदेवासारख्या त्या सजावटीचे प्रयोजन विचारले आणि ते अंगावरून उतरवावयास लावले. तेव्हापासून कमरेच्या वर वस्त्र नाही, हाती चिपळ्या आणि गळ्यात हार, असेच ते उभे राहिले. नारदांच्या गादीवर उभे राहणाऱ्याचे मूळ रूप हेच होय, असे आमचे मत. अर्थात थंडीच्या रात्री ते सोपे नव्हे, हेही खरे!

त्याच अध्यायात ठाण्याच्या कौपिनेश्वर मंदिरातील कीर्तन आहे. श्रोत्यांत एक गरीब गृहस्थ होता. कचेरीतील नोकरी कायम नव्हती, कुटुंब मोठे होते, आणि खात्याची परीक्षा उतरल्याशिवाय नोकरी टिकणार नव्हती. साईंची कथा ऐकून त्याने मनोमन नवस केला की, परीक्षेत यश आले तर शिरडीस जाऊन खडीसाखर वाटीन. मंडपात हे कोणास कळले नाही. बुवांसही नाही. परीक्षा उतरली, नोकरी कायम झाली; परंतु प्रवासापुरता पैसा जमेना. तेव्हा त्याने साखर वर्ज्य केली, चहाही बिनसाखरेचा घेऊ लागला आणि असे पैसे साठवून अखेर शिरडी गाठली. दर्शन घेतले, खडीसाखर वाटली. तो बापूसाहेब जोगांकडे उतरला होता. बाबांनी जोगांस सांगितले की, या पाहुण्याला भरपूर साखर घातलेला चहा पाजा.