गिनेसच्या कारखान्यातील 'स्टुडंट'

संख्याशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला 'स्टुडंट' ठाऊक असतो. त्या टोपणनावामागचे विल्यम सीली गॉसेट मात्र थोड्यांनाच माहीत असतात. त्यांचा जन्म १८७६ मध्ये इंग्लंडमधील कँटरबरी येथे झाला. ऑक्सफर्डला रसायनशास्त्र आणि गणित शिकून १८९९ मध्ये ते डब्लिनच्या गिनेस या बिअरच्या कारखान्यात नोकरीला लागले.

तिथे अडचण नमुन्यांची होती. बार्लीचे प्रयोग खर्चिक, त्यामुळे हाती येत चार-सहा आकडे. आकडे पुष्कळ असले की त्यांच्या चढउतारावरून मूळ चढउतार नीट कळतो. थोड्या आकड्यांवरून काढलेला चढउतार हाही एक अंदाजच असतो, आणि तो चुकला की सरासरीवरचा विश्वासही चुकतो.

गॉसेट यांनी तीन हजार गुन्हेगारांच्या उंचीचे आणि बोटांच्या लांबीचे आकडे पत्त्यांवर लिहिले, ते पिसले आणि चार-चारचे ७५० गट पाडून आपले गणित पडताळले. कंपनी आपल्या माणसांना स्वतःच्या नावाने लिहू देत नसे, म्हणून १९०८ मधील लेखाखाली 'स्टुडंट' हे नाव आले.

त्याच लेखात झोपेच्या औषधांचे उदाहरण आहे. दहा रुग्णांना एक औषध दिले. पाच जणांची झोप वाढली, चौघांची घटली, एकाची तेवढीच राहिली. सरासरी वाढ पाऊण तास. मग औषध लागू पडले का?

ही परीक्षा आज अशी घेतात. औषधाचा सरासरी परिणाम शून्य आहे, असे आधी गृहीत धरायचे. दहा आकड्यांचे प्रमाण विचलन १.७९ तास येते. त्याला दहाच्या वर्गमुळाने भागले की ०.५७ मिळतात, सरासरी साधारण एवढी इकडेतिकडे होऊ शकते. ०.७५ ला ०.५७ ने भागून येतात १.३. पाच टक्क्यांच्या कसोटीसाठी कोष्टकात दहातून एक वजा, म्हणजे नऊच्या ओळीत पाहायचे, तिथे २.२६ आहेत. आकडे भरपूर असते तर १.९६ पुरले असते. थोड्या माहितीची ही जादा किंमत आहे.

१.३ हे २.२६ पेक्षा कमी. शून्याचे गृहीतक नाकारता येत नाही. इथेच बहुतेकांचा पाय घसरतो आणि औषध निरुपयोगी, असा निकाल लिहिला जातो. याच आकड्यांशी सरासरी अर्धा तास घट जुळते, तशीच दोन तासांची वाढही जुळते. म्हणून एवढेच लिहावे, की या दहा जणांवरून परिणाम सिद्ध झाला नाही.

दुसऱ्या औषधाने त्याच रुग्णांना पहिल्यापेक्षा सरासरी १.५८ तास जास्त झोप दिली. तिथे भागाकार ४.०६ आला. दोन्ही औषधे सारखीच असती तर योगायोगाने एवढा फरक क्वचितच पडला असता, असे म्हणता येते. तरीही एका रुग्णाचा फरक एकट्याने ४.६ तासांचा आहे. असा एखादा आकडा दिसला की हिशेब पुन्हा तपासावा, कारण ही रीत आकडे बेताने विखुरलेले आहेत असे धरून चालते.

गॉसेट शेवटपर्यंत गिनेसमध्येच राहिले. १९३७ मध्ये ते वारले. त्यांचे कोष्टक त्यांच्या खऱ्या नावाने नव्हे, 'स्टुडंट'च्याच नावाने ओळखले जाते.