लॉर्ड रॅले: अंदाज चुकला तरी उत्तर कुठल्या बाजूला चुकेल, हे सांगणारा माणूस

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मला ‘रॅले कोशंट’ फक्त एक सूत्र म्हणून भेटला. त्यामागचा माणूस मी बराच नंतर वाचला आणि सूत्र तेव्हा कुठे नीट कळलं.

जॉन विल्यम स्ट्रट यांचा जन्म 1842 चा, इंग्लंडमधल्या एसेक्समधला. घर जमीनदारांचं, पण तब्येत लहानपणापासून नाजूक. 1865 मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत ते पहिले आले. 1872 मध्ये ऱ्हुमॅटिक फीव्हरने त्यांना चांगलंच गाठलं. हवापालट म्हणून ते पत्नीसोबत इजिप्तला गेले आणि नाईल नदीवरच्या बोटीत त्यांनी ‘थिअरी ऑफ साउंड’ लिहायला घेतलं. 1873 मध्ये वडील गेले आणि ते तिसरे लॉर्ड रॅले झाले. पुस्तकाचा पहिला खंड 1877 मध्ये आला.

त्यात एक प्रश्न सतत समोर येतो: एखादी वस्तू कंप पावताना तिचा सगळ्यात खालचा सूर कोणता? बहुतेक वस्तूंसाठी समीकरण नेमकं सुटत नाही. रॅले यांचा मार्ग असा: वस्तू कोणत्या आकारात हलेल याचा अंदाज करा आणि त्या आकाराच्या ऊर्जेवरून वारंवारता काढा. चुकीचा आकार लादणं म्हणजे वस्तूवर बंधन घालणं. बंधनाने ती जास्त ताठ होते, म्हणून उत्तर खऱ्यापेक्षा वरच येतं, खाली कधीच नाही.

आज आपण हेच मॅट्रिक्समध्ये लिहितो. ताणलेल्या दोरीवर सारख्या अंतरावर 3 सारखे मणी आहेत आणि दोरीची टोकं पक्की बांधली आहेत, असं समजा. योग्य एककं घेतली तर खालच्या मॅट्रिक्सची प्रत्येक आयगेनव्हॅल्यू म्हणजे एकेका सुराच्या वारंवारतेचा वर्ग.

```python
import numpy as np
A = np.array([[2,-1,0],[-1,2,-1],[0,-1,2]])
x = np.array([2,3,2])
print(x @ A @ x / (x @ x))
```

इथे `x` हा आपला अंदाज: मधला मणी जरा जास्त हलेल. हातानेही करून बघा. `A @ x` येतं (1, 2, 1). त्याचा `x` शी गुणाकार 2+6+2 = 10, आणि `x @ x` म्हणजे 4+9+4 = 17. भागाकार 0.588. खरी सगळ्यात लहान आयगेनव्हॅल्यू 0.586 आहे. खऱ्या आकारात मधला मणी 1.414 पट हलतो, आपण 1.5 पट धरला. म्हणजे आकारात 6 टक्के चूक, पण उत्तरात अर्धा टक्कासुद्धा नाही. आकारातली चूक लहान असेल तर उत्तरात साधारण तिचा वर्गच उतरतो.

आता (2, -3, 2) घ्या. 58 भागिले 17, म्हणजे 3.412. खरी सगळ्यात मोठी आयगेनव्हॅल्यू 3.414, आणि आपण तिच्या किंचित खाली आहोत.

कारण सोपं आहे. सिमेट्रिक मॅट्रिक्समध्ये हा भागाकार म्हणजे सगळ्या आयगेनव्हॅल्यूंची वजनदार सरासरी असते. वर्गातल्या मार्कांची सरासरी सगळ्यात कमी मार्कांच्या खाली जात नाही, तसंच हे. म्हणून कुठलाही `x` घ्या, सगळ्यात लहान आयगेनव्हॅल्यू 0.588 च्या वर नाही आणि सगळ्यात मोठी 3.412 च्या खाली नाही, हे दोन अंदाजांत पक्कं झालं. पण सगळ्यात लहान किती खाली असू शकते, हे यातून कळत नाही. कुंपण एकाच बाजूचं आहे.

फसगत कुठे होते? (1, 0, -1) टाकून बघा. उत्तर नेमकं 2, आणि `A @ x` सुद्धा बरोबर 2 पट `x`. सगळं जुळलं असं वाटतं, पण ही मधली आयगेनव्हॅल्यू आहे. जुळणं एवढंच सांगतं की ही एक आयगेनव्हॅल्यू आहे. ती सगळ्यात लहान आहे असं नाही. म्हणून वेगळ्या आकाराचा दुसरा अंदाज नेहमी घ्यावा. आणि मॅट्रिक्स सिमेट्रिक नसेल तर हमीच संपते: `[[0,1],[0,0]]` च्या दोन्ही आयगेनव्हॅल्यू 0, पण (1, 1) टाकलं की उत्तर 0.5.

1908-09 च्या सुमारास वॉल्टर रिट्झ यांनी एका अंदाजाऐवजी अनेक आकार मिसळून सर्वांत चांगलं मिश्रण शोधायची पद्धत मांडली. हीच वाट आपण आधी वापरली होती, हे रॅले यांनी 1911 मध्ये दाखवून दिलं. आज दोघांची नावं जोडूनच घेतात.

पण अर्ध्या टक्क्याची प्रत्येक चूक त्यांनी सोडून दिली नाही. हवेतून काढलेला नायट्रोजन रसायनांपासून बनवलेल्यापेक्षा साधारण अर्धा टक्का जड भरत होता, आणि या फरकाला कारण सापडत नव्हतं. त्यांनी पुन्हा पुन्हा वजनं घेतली. त्यातून विल्यम रॅमझे यांच्यासोबत आर्गॉन सापडला आणि 1904 मध्ये रॅले यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. 1919 मध्ये ते गेले.